तांब्याच्या बुडाखालचा तांब्या

“ताई, फोटो झकास आलेत. फक्त खालचा तो उलटा तांब्या तेवढा काढून टाका.” संध्याकाळी एवढाच निरोप आला आणि मी लगेच “हो, करते” असे कळवूनही टाकले. चकचकीत पृष्ठभागावर ठेवलेल्या वस्तूचे प्रतिबिंब पुसणे हे माझ्या कामात नेहमीचेच असल्याने त्यात विचार करण्यासारखे काही असेल, असे मला वाटले नव्हते. प्रत्यक्षात त्या एका तांब्यापायी माझे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत जे उलगडले ते नीट लिहून ठेवावे, असे वाटते.

मी पुण्यात वस्तूंची छायाचित्रे काढते. निरोप पाठवणारा तरुण कसबा पेठेतल्या तांबट आळीतला आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन इथे स्थिरावलेल्या तांबट कारागिरांची ही वसाहत, आणि मठारकाम ही तिची ओळख. घडवलेल्या भांड्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत जाणे म्हणजे मठारणे. त्याने पत्रा कठीण होतो, भांड्याला बळकटी येते आणि प्रत्येक ठोक्याच्या जागी एक लहानशी चकाकणारी खळी उमटते. माझ्याकडे आलेला तांब्या साधारण 18 सेंटिमीटर उंचीचा होता. गळा गुळगुळीत, पोटापासून बुडापर्यंत सगळे अंग मठारलेले. त्याची दोन छायाचित्रे हवी होती. एक ऑनलाइन विक्रीच्या पानावरचे मुख्य चित्र म्हणून आणि दुसरे छापील माहितीपत्रकाच्या पहिल्या पानासाठी.

मी तो काळ्या अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर ठेवला होता. आरसा किंवा काच न घेण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आरशात परावर्तन होते ते काचेच्या मागच्या थरावरून, त्यामुळे वस्तू आणि तिचे प्रतिबिंब यांच्यामध्ये काचेच्या जाडीमुळे फट पडते आणि दोघे एकमेकांना टेकलेले दिसत नाहीत. साध्या काचेवर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंबे येतात आणि कडा दुहेरी दिसतात. काळ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये आत शिरलेला प्रकाश आतच जिरतो, परततो तो फक्त वरच्या पृष्ठभागावरून. म्हणून एकच, स्वच्छ आणि वस्तूला थेट भिडलेले प्रतिबिंब मिळते. धूळ आणि ओरखडे हा त्याचा त्रास आहेच. पत्रा पुसला की त्यावर स्थिर विद्युत तयार होते आणि पुसण्यापूर्वी होती त्याहून जास्त धूळ तो ओढून घेतो.

कॅमेरा तांब्यापासून 140 सेंटिमीटरवर आणि टेबलाच्या पातळीपेक्षा 30 सेंटिमीटर उंच होता, म्हणजे तो तांब्याच्या बुडाकडे सुमारे 12 अंशांच्या उतारावरून पाहत होता. पुढचे सगळे या 12 अंशांवर अवलंबून असल्याने हा आकडा सांगणे भाग आहे. अ‍ॅक्रिलिककडे सरळ वरून पाहिले तर त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम चार टक्के परत येतो. 45 अंशांवरून पाहिले तर पाच टक्क्यांच्या आसपास. मात्र नजर जसजशी पृष्ठभागाला समांतर होत जाते तसतसे हे प्रमाण झपाट्याने वाढते, आणि 12 अंशांवर ते जवळजवळ एक तृतीयांश होते. संध्याकाळी तळ्याकाठी बसल्यावर पैलतीरावरची झाडे पाण्यात स्पष्ट दिसतात आणि पायाशी वाकून पाहिले तर तळाचे दगड दिसतात, त्याचे कारण हेच आहे. तांब्याच्या काठावरच्या बिंदूचे प्रतिबिंब टेबलावर कॅमेऱ्याच्या अधिक जवळ पडते, म्हणजेच तिथे नजर अधिक उभी उतरते, सुमारे 19 अंशांनी. आणि तिथे परतणारा प्रकाश अठरा टक्क्यांवर येतो. बुडापाशी उजळ आणि काठाकडे जाताना मंद होत गेलेले असे ते प्रतिबिंब मुळातच होते. ते उतरणे माझ्या हातचे नव्हते, टेबलाचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली, पेन टूलने तांब्याची कड काटेकोर कापून घेतली, खालचे सगळे लेअर मास्कने झाकले आणि मागे पांढरा रंग भरला. अर्ध्या तासात उलटा तांब्या नाहीसा झाला. मात्र उरलेल्या तांब्याकडे पाहताना काहीतरी खटकत राहिले. चित्र मोठे करून पोटाच्या खालच्या भागावर आले तेव्हा कारण दिसले. बुडाकडे वळणाऱ्या खळ्यांच्या शेवटच्या पाच-सहा रांगांमध्ये, प्रत्येक खळीत, एक काळा तुकडा बसलेला होता. तो टेबलाचा होता. प्रत्येक खळी म्हणजे एक इवलासा वक्र आरसा. वरच्या रांगांतल्या खळ्यांना माझे दिवे दिसत होते, मधल्या रांगांना खोलीतला अंधार, आणि खाली झुकलेल्या रांगांना तो काळा पत्रा. अगदी बुडाजवळ तर पत्र्यात उमटलेले तांब्याचे प्रतिबिंब पुन्हा तांब्याच्या अंगावर उतरले होते. तांबे लाल प्रकाश अधिक परत पाठवते, आणि तोच प्रकाश दुसऱ्यांदा तांब्यावरून परतला की लाली आणखी गडद होते. त्यामुळे शेवटच्या रांगेत निखाऱ्यासारखी एक रेघ पेटलेली होती.

मी टेबलातला तांब्या पुसला होता, पण तांब्यातले टेबल तसेच होते. पांढऱ्यावर ठेवलेल्या भांड्याच्या पोटात काळे टेबल कसे असेल, असा प्रश्न पाहणारा शब्दांत विचारणार नाही. पण डोळ्यांना ते कळते आणि चित्र चिकटवल्यासारखे वाटू लागते. त्या खळ्या एकेक करून रंगवणे शक्य आहे का, तेही पाहिले. शंभरावर खळ्या, प्रत्येकीचा कोन वेगळा, प्रत्येकीतला काळा तुकडा वेगळ्या आकाराचा. सरसकट उजळले तर मठाराची खोली जाते, आणि मठार गेला तर हा तांब्या बाजारात यंत्रावर दाबून काढलेल्या कोणत्याही तांब्यासारखा दिसतो. ज्या कामासाठी गिऱ्हाइकाने जास्त पैसे मोजायचे, तेच मी पुसून टाकले असते.

खोक्यात बंद केलेला साबण किंवा पुठ्ठ्याची पेटी असती तर हा पेच आलाच नसता. ज्या वस्तूच्या अंगाला चकाकी नाही, तिने टेबल स्वतःत घेतलेले नसते. तिचे प्रतिबिंब बिनदिक्कत काढावे. भरलेल्या काचेच्या बाटलीची गोष्ट आणखी निराळी, कारण तिच्यातल्या द्रवातून टेबल वाकून, उलटेपालटे होऊन दिसत असते. वस्तूच्या अंगावर टेबल किती चढले आहे, हे आधी पाहावे आणि मगच टेबलावरची वस्तू पुसायची की नाही ते ठरवावे, असा क्रम मी तेव्हापासून धरला आहे.

दुसरी अडचण टेकण्याची होती. काळ्या अ‍ॅक्रिलिकवर सावली जवळजवळ दिसतच नाही. सावली दिसायला पृष्ठभागाने प्रकाश चहूकडे विखुरावा लागतो, आणि हा पत्रा प्रकाश एक तर गिळतो किंवा आरशासारखा एका दिशेने परत धाडतो. त्यामुळे तांब्या टेकला आहे हे सांगण्याचे सगळे काम एकट्या प्रतिबिंबावर असते. वरचे बूड आणि खालचे बूड जिथे भेटतात ती बारीक काळी रेघ, तीच त्या भांड्याची जमीन. प्रतिबिंब काढले की जमीनही जाते आणि भांडे हवेत लटकते. मग खाली धूसर करड्या रंगाचा लंबगोल काढून सावली भासवण्याची पद्धत आहे, आणि ती मीही वापरलेली आहे. पण माझा मुख्य दिवा डावीकडून वरून येत होता आणि खळ्यांमधली चकाकी ते सांगत होती. त्या दिव्याची सावली उजवीकडे पसरायला हवी, बुडाशी गडद आणि कडेला विरत जाणारी. ती हाताने काढता येते, मात्र ती मी पाहिलेली नव्हती.

पुसण्याऐवजी नुसते मंद करता येईल का, म्हणून त्याच मांडणीवर पोलरायझर फिल्टर लावून पुन्हा काही छायाचित्रे घेतली. या फिल्टरने चकाकी जाते असे सरसकट सांगितले जाते. अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत ते पूर्णपणे खरे ठरते फक्त एका कोनाला, कॅमेरा टेबलापासून सुमारे 34 अंशांवर असताना. तिथून पाहिले तर फिल्टर फिरवताना प्रतिबिंब खरोखरच दिसेनासे होते. 12 अंशांवर मात्र ते निम्म्याच्या आसपासच उतरते, त्याहून खाली जात नाही. कॅमेरा 34 अंशांवर नेला तर तांब्याचे तोंड मोठे लंबगोल दिसते, पोट आखूड होते आणि गळ्याची कमान हरवते. प्रतिबिंब घालवण्यासाठी तांब्याचा घाटच घालवणे मला पटण्यासारखे नव्हते.

प्रतिबिंबाशी खोटे वागण्याचा परिणाम मी एकदा भोगलेला आहे, आणि तो उलट्या बाजूने. काही वर्षांपूर्वी एका भांडीवाल्यांसाठी दिवाळीच्या पत्रकात पितळी डबा हवा होता. छायाचित्र पांढऱ्या कागदावर घेतले होते आणि त्यांना “खाली आरशासारखं” हवे होते. मी डब्याची प्रत घेतली, ती उभी उलटवली, बुडाखाली जोडली, खालच्या बाजूला पुसट केली आणि पाठवून दिली. पत्रके छापून झाल्यावर ते गृहस्थ दुकानात एक पत्रक हातात धरून म्हणाले, “बाई, खालच्या डब्याचं झाकण वरून कसं दिसतंय हो?” त्यांचे अगदी बरोबर होते. कॅमेरा वरून पाहत असल्याने खऱ्या डब्याच्या झाकणाचा माथा दिसत होता. उलटवलेल्या प्रतीतही तो दिसत राहिला. खऱ्या प्रतिबिंबात डबा खाली डोके करून असतो, त्याचा माथा पाताळाकडे असतो आणि वरून पाहणाऱ्याला तो दिसूच शकत नाही.

तेवढेच नव्हते. डब्याच्या बुडाची पुढची कड वरून पाहताना खाली झुकलेल्या कमानीसारखी दिसते. तीच उलटवली की ती वर उचललेली कमान होते. दोन कमानी मधोमध एका बिंदूत टेकतात आणि दोन्ही बाजूंना पाचरीसारख्या फटी राहतात. त्या फटी मी करड्या रंगाने भरून झाकल्या होत्या. खऱ्या प्रतिबिंबात वरच्या आणि खालच्या डब्याची ती कड एकच असते, त्यामुळे फट पडण्याचा प्रश्नच येत नाही. आरशातली वस्तू म्हणजे उलटवलेले चित्र नव्हे, तर टेबलाच्या खालून, तितक्याच खोलीवरून पाहणाऱ्या दुसऱ्या डोळ्याला दिसणारी तीच वस्तू. हे मला त्या पत्रकामुळे कळले. पुन्हा छपाईचा खर्च मी दिला.

या तांब्याच्या बाबतीत त्या दुसऱ्या डोळ्याने काय पाहिले होते, हे मग नीट निरखले. तांब्याचे पोट फुगलेले आणि बूड लहान, त्यामुळे 12 अंशांवरून थेट पाहताना पोटाची खालची वळणे अगदी आखडून दिसतात. प्रतिबिंबात मात्र ती उघडी पडली होती. पोट आत वळून बुडाला मिळते तिथवर मठाराच्या रांगा कशा लहान होत गेल्या आहेत, शेवटच्या रांगेतली खळी बोटाच्या नखाएवढी कशी उरली आहे, आणि एवढ्या अडचणीच्या जागेतही ठोका कुठे चुकलेला नाही, हे सगळे वरच्या तांब्यात नीट दिसतच नव्हते. जे मला पुसायला सांगितले होते, ते वरच्या तांब्याचे नुसते दुहेरीपण नव्हते. भांड्याची एक वेगळी बाजू त्यात होती.

म्हणून मी त्या तरुणाला फोन केला आणि दोन चित्रांसाठी दोन निर्णय त्याच्यासमोर ठेवले.

विक्रीच्या पानासाठी प्रतिबिंब नकोच, यावर आमचे दुमत नव्हते. अ‍ॅमेझॉनवर मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा तिन्ही 255, असावी लागते आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो. पूर्ण प्रतिबिंब ठेवले तर चित्राची उंची जवळजवळ दुप्पट होते आणि खरा तांब्या चौकटीच्या निम्म्या भागात आक्रसतो. मोबाइलवर अंगठ्याएवढ्या चौकोनात तो आणखी लहान दिसणार. पण ते प्रतिबिंब फाइलमध्ये पुसायचे नाही, टेबलावरच होऊ द्यायचे नाही, एवढाच माझा आग्रह होता. तांब्या पुन्हा आणून देशील का, असे विचारले तेव्हा तो थोडा नाराज झाला. “पुन्हा पॉलिश करावं लागेल, ताई,” असे म्हणाला. आणि ते खरेच होते, कारण तांब्यावर बोटाचा ठसा उमटला की काही तासांत तो काळवंडतो. तरी त्याने तो आणला, मऊ फडक्यात गुंडाळून, आणि मी सुती हातमोजे घालूनच तो उचलला.

या वेळी खाली चकाकी नसलेला जाड पांढरा कागद घेतला. कॅमेरा, उंची आणि दिवे पूर्वीप्रमाणेच ठेवले. पहिल्याच छायाचित्रात सावली आपसूक आली, उजवीकडे पसरलेली आणि बुडाशी गडद, मी हाताने काढली असती तिच्यापेक्षा कितीतरी हळुवार. पण पोटाच्या खालच्या खळ्या आता पांढऱ्या कागदाने भरून गेल्या आणि मठार सपाट दिसू लागला. टेबल पुन्हा तांब्यात शिरले होते, फक्त रंग बदलून. मग तांब्यापुढे, चौकटीच्या जरासे बाहेर, चार सेंटिमीटर रुंदीची काळ्या पुठ्ठ्याची पट्टी कागदावर आडवी ठेवली, आणि दोन्ही बाजूंना एकेक काळा पुठ्ठा उभा केला. ती पट्टी एक बोटभर मागे-पुढे सरकवत गेले तशी खळ्यांच्या तळाशी बारीक काळी किनार उमटत गेली आणि ठोके पुन्हा उठून दिसू लागले. पट्टी फार जवळ आली तर पोटावर काळा पट्टा दिसे, फार लांब गेली तर किनार नाहीशी होई. योग्य जागा सापडायला तासभर लागला.

संगणकावर उरले ते फक्त कागदाला शुद्ध पांढऱ्यावर नेणे. कागद डोळ्यांना पांढरा दिसला तरी चित्रात तो कुठे 250, कुठे 244 असा असतो. भोवतालचा भाग 255 पर्यंत उचलताना सावली राखायची होती, त्यामुळे मास्क बुडाजवळ हलक्या हाताने उतरवला. राहून गेलेले डाग शोधण्यासाठी सगळ्यांवर एक तात्पुरता कर्व्ह्‌जचा थर टाकून चित्र पार गडद करते. त्यात 252 चा डागही ढगासारखा उठून दिसतो. तो पुसून झाला की तो थर काढून टाकायचा.

माहितीपत्रकासाठीचा निर्णय कठीण होता, कारण इथे नियम कोणताच नव्हता. त्या तरुणाला प्रतिबिंब जुनाट वाटत होते, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. एके काळी प्रत्येक बोधचिन्हाखाली आणि प्रत्येक फोनखाली ओल्या फरशीवर ठेवल्यासारखे प्रतिबिंब चिकटवले जाई. 2007 मध्ये मॅकच्या पडद्यावरची चिन्हांची खालची पट्टीसुद्धा काचेची झाली होती आणि 2014 मध्ये ती पुन्हा सपाट झाली. त्या काळातली प्रतिबिंबे बहुतेक माझ्या पितळी डब्यासारखीच होती, उलटवून पुसट केलेली. ती डोळ्यांत इतकी बसली आहेत की खरे प्रतिबिंबही आता नकली वाटते. म्हणून मी त्याला छापाचा नमुना मोठ्या आकारात काढून दिला आणि फक्त बुडाजवळचा भाग पाहायला सांगितले.

त्या चित्रात मी फार थोडे केले. धुळीचे कण आणि दोन ओरखडे काढले. प्रतिबिंब आणखी पुसट करण्याचा मोह आवरला, कारण ते मुळातच काठाकडे मंद होत होते आणि त्यावर माझा वेगळा उतार चढवला असता तर दोन उतार एकमेकांशी जुळले नसते. चौकट मात्र खालून कापली, प्रतिबिंबाच्या पोटाच्या जरा खाली, जिथे वळणाच्या शेवटच्या रांगा दिसून होतात आणि उलटा गळा सुरू व्हायचा असतो. उलटा गळा आणि काठ यांतून काहीही नवे कळत नव्हते. नजर उगाच खाली ओढली जात होती. म्हणजे प्रतिबिंब काढायचे की ठेवायचे, यावर अखेर माझे उत्तर अर्धे काढायचे असे झाले, आणि कुठून कापायचे ते मठाराच्या रांगांनीच सांगितले.

नमुना दाखवायला मी स्वतः आळीत गेले. त्या तरुणाचे वडील ओट्यावर बसून एका हंड्याचा गळा मठारत होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली, हात पुसले, कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागदावरच्या तांब्याच्या बुडाखाली, उलट्या पोटाच्या शेवटच्या रांगेवर, अंगठ्याचे नख टेकवले आणि मुलाला म्हणाले, “ही ओळ माझी नाही. ही तुझ्या आजोबांच्या हातोडीनं मी मारली होती, ती बारीक तोंडाची. बघ, ठोका निराळा पडलाय.”

मुलाने कागद हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.